घाबरलेल्या विद्यार्थिनीला मंचावर बोलवताना: शोधनिबंध सादर करणाऱ्याची ओळख कशी करून द्यावी

कॉलेजच्या चर्चासत्रात पहिल्यांदा सूत्रसंचालन करायला मिळालं की सगळं लक्ष जातं दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय आणि आभार यांच्याकडे. विद्यार्थ्यांच्या शोधनिबंध वाचनाचं सत्र आलं की हातात फक्त एक यादी असते: नाव, वर्ग, निबंधाचं शीर्षक. ती वाचायची, "टाळ्यांच्या गजरात स्वागत करू या" म्हणायचं, बाजूला व्हायचं. सराईत वक्त्याला एवढं पुरतं. पण यादीतल्या पाचव्या नावाची मुलगी तिसऱ्या रांगेत कागदाची सुरळी करून, पुन्हा उलगडून, पुन्हा सुरळी करत बसलेली असते. तिच्यासाठी हा लेख आहे. म्हणजे तिची ओळख करून देणाऱ्या तुमच्यासाठी.

आधी माझी चूक सांगतो. कित्येक वर्षांपूर्वी अशाच एका सत्रात मी मनापासून म्हणालो होतो, "ही पहिल्यांदाच बोलतेय, थोडी घाबरलीये, तर जोरदार टाळ्या वाजवून तिला धीर द्या." टाळ्या खूप पडल्या. त्यानंतर दोनशे लोक निबंध ऐकायचं सोडून तिचे हात कापतायत का ते बघत बसले. आणि ती, लोक आपले हात बघतायत, हे बघत बसली. तिची भीती तोवर तिच्यापुरती होती. मी ती माइकवरून वाटून टाकली.

तेव्हापासून मी ओळखीकडे एकाच हिशेबाने बघतो. बोलायला उभं राहणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं पहिलं अर्धं मिनिट. एकदा तोंडातून दोन-तीन वाक्यं नीट गेली की गाडी रुळावर येते. म्हणून ओळखीचं काम कौतुक करणं नाही, धीर देणं तर नाहीच. तिचं पहिलं वाक्य सोपं करून देणं, एवढंच काम आहे.

आदल्या दिवशीची दहा मिनिटं

ओळख मंचावर घडत नाही, आदल्या दिवशी घडते. प्रयोगशाळेबाहेर, कॅन्टीनमध्ये, जिन्यात, कुठेही दहा मिनिटं तिच्याशी बोला. यादीवरची माहिती विचारू नका, ती तुमच्याकडे आहेच.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. "तुझं नाव कसं घेऊ?" असं विचारा आणि तिच्या तोंडून ऐका. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत, आणि आडनावात कुठला हे लिहिलेल्यावरून कळत नाही. गावाच्या नावाचंही तसंच. स्वतःचं नाव चुकीचं ऐकत मंचावर चढायचं म्हणजे सुरुवातच अडखळून. वडिलांचं नाव मध्ये घ्यायचं, आईचं घ्यायचं की दोन्ही नकोत, आणि नावाआधी 'कुमारी' लावायचं का, हेही तिलाच विचारा. काही मुलींना 'कुमारी' अजिबात आवडत नाही. पत्रिकेत छापलंय म्हणून ते माइकवरून म्हणायलाच हवं असं नाही.

दुसरा प्रश्न: "हे काम करताना सगळ्यात खटपट कशात झाली?" निबंध कशावर आहे असं विचारलंत तर ती पाठ केलेला सारांश म्हणून दाखवेल, खाली मान घालून. खटपटीबद्दल विचारलंत की मान वर येते, हात हलायला लागतात. तिथेच तुमच्या ओळखीचा ऐवज सापडतो.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: "तुझं पहिलं वाक्य काय आहे?" पुष्कळांचं पहिलं वाक्य ठरलेलंच नसतं, किंवा ते "आदरणीय व्यासपीठ, सत्राध्यक्ष, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो" असं लांबलचक असतं. घाबरलेल्या माणसाने अडखळावं यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. एक पद सुटलं की ती तिथेच थांबते. सगळ्यांना नमस्कार तुम्ही सत्राच्या सुरुवातीला केलेला असतो, तेव्हा तिला या ओझ्यातून मोकळं करा. तिने थेट विषयाला हात घातला तर कुणाचा अपमान होत नाही. सत्राध्यक्ष जुन्या वळणाचे असतील तर त्यांच्या कानावर आधी घाला, म्हणजे झालं.

आणि शेवटी, "काय सांगू नको?" तिचे वडील शेतमजूर आहेत, ती कमवा आणि शिका योजनेत काम करते, मागच्या वर्षी एक विषय राहिला होता: या गोष्टी तुम्हाला प्रेरणादायी वाटतील. तिला त्या दोनशे लोकांपुढे नको असतील. न विचारता एकही खाजगी गोष्ट माइकवर न्यायची नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण

रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी घेऊ. उसाच्या पट्ट्यातलं गाव. निबंधाचं शीर्षक इंग्रजीत, दोन ओळींचं. मराठीत सांगायचं तर गावातल्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेटचं प्रमाण, पावसाळ्याआधी आणि नंतर. १८ विहिरी, प्रत्येकीचे दोन नमुने, म्हणजे ३६ बाटल्या.

आदल्या दिवशी तिच्याशी बोललात तर काय मिळेल? खटपटीचा प्रश्न विचारल्यावर ती सांगते की नमुना थंड ठेवावा लागतो आणि शक्यतो दोन दिवसांच्या आत तपासावा लागतो, नाहीतर पाण्यातले जिवाणू नायट्रेटचं प्रमाण बदलून टाकतात. म्हणून ती बर्फाच्या डब्यात बाटल्या भरून सकाळच्या एसटीने यायची. एकदा कंडक्टरने विचारलं, "आइस्क्रीम विकतीस काय?" मग प्रयोगशाळेत पाणी तापवून आटवायचं, रसायन घालायचं आणि पिवळा रंग किती गडद येतो ते यंत्रावर मोजायचं. जितका पिवळा तितकं नायट्रेट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तिच्या १८ विहिरींत एक तिच्या घरची आहे. पहिल्या स्लाइडवर त्याच विहिरीचा फोटो आहे.

पहिलं वाक्य विचारल्यावर ती "आदरणीय व्यासपीठ" सुरू करते. तुम्ही म्हणता, "फोटो कुठल्या विहिरीचा?" ती म्हणते, "ही आमची विहीर." बस, हेच पहिलं वाक्य. तीन शब्द, पाठ करायची गरज नाही, चुकायची सोय नाही. पडद्याकडे बोट करून म्हणायचं, त्यामुळे त्या क्षणी लोकांचे डोळेही तिच्यावरून विहिरीकडे जातात. हातांना काम मिळतं हा आणखी फायदा.

घरच्या विहिरीचा उल्लेख मी केला तर चालेल का, हे मात्र विचारून घ्या. विहिरीच्या पाण्याचे आकडे म्हणजे गावात भांडणाचं मूळ होऊ शकतं. तिने बाकीच्या विहिरींना मालकांची नावं न देता क्रमांक दिलेत, यावरून तिला हे तुमच्यापेक्षा जास्त कळतं हे दिसतंच.

आता लिहा, आणि लिहिलेलंच बोला

आपल्याकडे ही ओळख साधारण अशी होते:

"यानंतर आपल्यासमोर येत आहे आपल्या महाविद्यालयाची अत्यंत हुशार, होतकरू आणि अभ्यासू विद्यार्थिनी. ग्रामीण भागातून, प्रतिकूल परिस्थितीवर मात करत तिने हे उत्तुंग यश मिळवलं आहे. उद्याची ही शास्त्रज्ञ आपला अत्यंत सखोल आणि मौलिक शोधनिबंध सादर करणार आहे."

यातला प्रत्येक शब्द तिच्या बाजूने आहे असं वाटतं. पण मंचाच्या पायरीशी उभी राहून ती हे ऐकते तेव्हा तिला वेगळंच ऐकू येतं. 'अत्यंत सखोल' म्हटल्यावर तिला आठवतं की आपण फक्त १८ विहिरी तपासल्यात. 'उद्याची शास्त्रज्ञ' म्हटल्यावर आज अडखळायची परवानगी संपते. तारीफ जितकी उंच, तितकं पडायला वाव जास्त. शिवाय या वाक्यांत विहीर नाही, पाणी नाही, नायट्रेट नाही; हीच ओळख त्यानंतरच्या मुलाला, त्याच्या कवितेवरच्या निबंधाला जशीच्या तशी चालेल. सभागृहाला ते कळतं आणि लोक मोबाइल काढतात.

त्याऐवजी असं:

"आपल्यापैकी कितीतरी जण विहिरीचं पाणी पिऊन मोठे झालेत. पाणी नितळ दिसलं की आपण ते चांगलं धरतो. पण शेतात टाकलेल्या युरियाचा काही भाग नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली मुरतो आणि विहिरीत उतरतो. नायट्रेटला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून ते मोजावं लागतं. आपल्या पुढच्या वक्त्याने एका गावातल्या १८ विहिरी मोजल्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. ३६ बाटल्या, बर्फाच्या डब्यात, सकाळच्या एसटीने. त्या अठरांत एक विहीर घरची आहे. स्लाइड इंग्रजीत आहेत, बोलणं मराठीत होईल. रसायनशास्त्र, तृतीय वर्ष…" आणि मग तिचं पूर्ण नाव, सावकाश.

घड्याळ लावून वाचा, मिनिटाच्या आसपास होईल. त्याहून वाढवू नका. तिच्या वाट्याला सात-आठ मिनिटं असतात आणि पायरीशी उभं राहण्याचा प्रत्येक सेकंद तिला लांब वाटतो.

या मजकुरात काय केलंय ते बघा. युरिया आणि नायट्रेट यांचा संबंध तुम्ही समजावून दिलात, म्हणजे सगळ्यात कोरडा आणि अडखळायला सोपा भाग तिच्या डोक्यावरून उतरला. तुम्ही तिला हुशार म्हटलं नाही, पण ३६ बाटल्या आणि सकाळची एसटी ऐकून लोकांनी ते स्वतःच ठरवलं. लोकांनी स्वतः ठरवलेलं मत टिकतं, तुम्ही लादलेलं टिकत नाही. आणि 'एक विहीर घरची आहे' यावर ओळख संपत आली की लोकांच्या मनात प्रश्न तयार होतो: मग त्या विहिरीचं काय निघालं? त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. निष्कर्ष तिचा आहे. उत्साहाच्या भरात "आणि धक्कादायक बाब म्हणजे…" असं सांगून मोकळे झालेले सूत्रसंचालक मी पाहिलेत. मागून येणाऱ्याला मग सांगायला काही उरत नाही.

नाव शेवटी घेण्यामागेही कारण आहे. आधी नाव घेतलं की लोक टाळ्या वाजवतात, ती उठते, आणि मग तुम्ही अजून बोलतच असता. ती अधांतरी उभी राहते, बसावं की चालावं कळत नाही. नाव हा शेवटचा शब्द असला की टाळ्या आणि तिची पावलं एकाच वेळी सुरू होतात.

कंडक्टरचा किस्सा मी मुद्दाम वगळला. तो तिचा आहे. तिला सांगावासा वाटला तर तीच सांगेल, आणि तुमच्यापेक्षा चांगला सांगेल.

भाषेबद्दल थोडं जास्त

'बोलणं मराठीत होईल' हे वाक्य साधं दिसतं, पण पुष्कळदा भीतीचं खरं मूळ तिथेच असतं. स्लाइड इंग्रजीत हव्यात असं पत्रकात असतं, आणि मुलं समजतात की बोलायचंही इंग्रजीतच. मग रात्रभर पाठांतर होतं आणि एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. नियम काय आहे ते आयोजकांना आणि सत्राध्यक्षांना आधी विचारा. मराठीला हरकत नसेल तर ओळखीत ते सांगून टाका, सहज, पंख्याचं बटण दाबल्यासारखं. "तिचं इंग्रजी कच्चं असल्यामुळे" किंवा "सर्वांना समजावं म्हणून" अशी कारणं जोडू नका. कारण दिलं की ती माफी होते.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या मराठीची. ओळख करून देणारा जी भाषा बोलतो, ती सभागृहाची त्या दिवसाची भाषा ठरते. तुम्ही 'ज्ञानयज्ञातील समिधा' आणि 'विचारपुष्प गुंफणे' सुरू केलंत की जिच्या तोंडात घरी 'न्हाई' आणि 'व्हतं' आहे तिला वाटतं, माझी भाषा इथली नाही. मग ती बोलायचं सोडून भाषा सांभाळू लागते. तुम्ही विहीर, बाटली, एसटी असे शब्द मंचावरून बिनदिक्कत वापरलेत की तिला वाट मोकळी होते. तिच्यासमोर तिची बोली बोलून दाखवायचा मोह मात्र टाळा, ती नक्कल वाटते.

पायरीपाशी

सत्र सुरू होण्याआधी तिला एकदा रिकाम्या मंचावर उभं करा. माइकची उंची तिच्यासाठी लावून बघा. उंच पाहुण्यांसाठी वर केलेला माइक खाली कसा घ्यायचा ते तिला हाताने करू द्या. तिची फाइल उघडते का, मराठी अक्षरं चौकोन होऊन येत नाहीत ना, हे त्याच संगणकावर तपासा. घंटेचं गणित समजावा: समजा आठ मिनिटं असतील तर सहाव्या मिनिटाला एक घंटा, आठव्याला दोन. पहिली घंटा म्हणजे 'थांब' नव्हे, 'आता आवरतं घे'. हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच घंटेला "धन्यवाद" म्हणून पळालेली मुलं मी बघितलीत, निष्कर्षाच्या दोन स्लाइड तशाच ठेवून.

ती शेजारी उभी असेल तेव्हा काय म्हणाल? "घाबरू नकोस, शांत हो" हे तोंडात येतंच, पण त्याने काम होत नाही. छाती धडधडत असताना शांत होणं हुकमाने जमत नाही, आणि जमलं नाही म्हणून आणखी घाबरायला होतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांचा २०१४ सालचा अभ्यास यावरच आहे: भाषणाआधी "मी शांत आहे" असं स्वतःला मोठ्याने सांगणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" असं सांगणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त चांगली वाटली. धडधड तीच असते, नाव बदलतं. आपल्या भाषेत "आता सांगून टाक एकदाचं, तुझ्या विहिरीचं" एवढं पुरे.

आणि दुसरं, तिच्या कानात हे सांगा की तुझी थरथर तुला जेवढी जाणवते तेवढी तिसऱ्या रांगेला दिसत नाही. ही नुसती समजूत घालणं नाही. केनेथ सवित्स्की आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिलं की वक्त्यांना आपली भीती लोकांना स्वच्छ दिसतेय असं वाटतं, प्रत्यक्षात ती तितकी दिसत नाही. आणि ज्यांना ही गोष्ट भाषणाआधी सांगितली त्यांची भाषणं खरोखर चांगली झाली. माझ्या जुन्या चुकीचं गणित इथे कळतं. जे लोकांना दिसत नव्हतं ते मी बोट करून दाखवलं होतं.

नाव घेऊन झालं की लगेच पळू नका. ती पोचेपर्यंत माइकपाशी थांबा, तिची पहिली स्लाइड पडद्यावर आलीये याची खात्री करा, माइक चालू ठेवून बाजूला व्हा. पाठीवर थाप, हस्तांदोलन, गुलाबाचं फूल, काहीही नको. तिचे हात मोकळे राहू द्या. मग तिला दिसेल अशा जागी बसा, पुढच्या रांगेत एका टोकाला, आणि पडद्याकडे नव्हे तर तिच्याकडे बघा. निदान एक चेहरा ऐकणारा आहे एवढं तिला कळायला हवं. जेवणानंतरचं सत्र असेल तर हे जास्तच लागू. जिलेबी खाऊन बसलेल्या सभागृहात दुसरे जागे डोळे मिळतीलच असं नाही.

अडकलीच तर

थांबणं आणि अडकणं यांत फरक आहे. ती कागद बघतेय, पाणी पितेय, स्लाइड पुढे नेतेय, तर ती थांबलीये. तुम्ही गप्प बसा. पाच सेकंदांची शांतता तुम्हाला लांब वाटते, ऐकणाऱ्यांना नाही. ती कुठेच बघत नसेल, एकच शब्द पुन्हा पुन्हा येत असेल किंवा तिने तुमच्याकडे बघितलं, तर अडकलीये.

अशा वेळी सांत्वन करू नका, "होतं असं, टाळ्या" म्हणू नका. जागेवरूनच, साध्या आवाजात, जिचं उत्तर तिला झोपेतही देता येईल अशी गोष्ट विचारा. आपल्या उदाहरणात: "बाटल्या आणायच्या कशा, ते सांग ना जरा." बर्फ, डबा, एसटी हे तिला आठवावं लागत नाही, ती ते जगलीये. दोन वाक्यं बोलली की ती परत आपल्या वाटेला लागते, आणि सभागृहाला वाटतं की कुणीतरी उत्सुकतेने मध्येच प्रश्न विचारला. हा प्रश्न आदल्या दिवशीच ठरवून ठेवा आणि तिलाही सांगून ठेवा. दोर आहे हे माहीत असलं की बहुतेक वेळा तो लागत नाही.

प्रश्नोत्तरांत एखादे परीक्षक विचारतात, "फॉस्फेट का नाही मोजलं?" ती गोंधळलेली दिसली तरी उत्तर तुम्ही देऊ नका. फक्त तिला आधी सांगितलेलं असू द्या की "ते या अभ्यासात घेतलेलं नाही" हे पूर्ण आणि सन्मानाचं उत्तर आहे.

तिचं संपल्यावर पुढच्या नावाकडे वळण्याआधी एक वाक्य तुमच्याकडे असतं. "खूप छान सादरीकरण" यात ते घालवू नका. तिने जे सांगितलं त्यातली एकच गोष्ट नेमकी उचला, जशी ऐकताना टिपून ठेवली असेल तशी: "पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी-शेजारी ठेवलेली ती सहावी स्लाइड, ज्यांना हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी तिच्याकडून मागून घ्या." चहाच्या वेळी दोघं-तिघं खरंच जातात. कपबशी हातात घेऊन ती त्यांना सांगत असते, आणि तेव्हा कंडक्टरचा किस्साही निघतो.